नऊ बाय साडेपाच

पहाटे ५.३०

आईनं चहा ठेवला तो शेवटच्या पातेल्यात. बाकीची सगळी भांडी रात्रीच खोक्यात गेली होती. रविवार होता, मे महिना, आणि कर्वेनगरातलं भाड्याचं घर सोडून आई-बाबा तळेगावला निघाले होते. अंतर पस्तीसेक किलोमीटरचं. गाडी एकच, खेपही एकच, असं ठरलेलं. दोन खेपा म्हणजे डिझेलचा आणि हमालीचा खर्च जवळपास दुप्पट, शिवाय दुसरी खेप रिकामी करायला संध्याकाळ उजाडली असती.

मी मॉड्युलर किचनची ड्रॉइंग काढते. इंच मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे सामान गाडीत बसेल की नाही हे घरच्यांनी माझ्यावर सोपवलं. त्याआधी दादानं फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर आपलं उत्तर काढून ठेवलं होतं, ते असं: गाडीवाल्यानं सांगितलेला हौदा नऊ बाय साडेपाच फूट, बंद बॉडी, आतून उंची सहा फूट. म्हणजे २९७ घनफूट. घरातल्या प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची गुणून बेरीज केली तर २६९. "अठ्ठावीस घनफूट शिल्लक राहतात," दादा म्हणाला, "कुंड्यापण नेऊ."

ही बेरीज चूक नव्हती, पण निरुपयोगी होती. घनफूट पाण्याला लागू पडतात, कारण पाणी कोपऱ्यात जाऊन बसतं. सोफा बसत नाही. बंद बॉडीच्या गाडीचा तीन चतुर्थांश भाग खऱ्या अर्थानं भरता आला तर भरणारा हुशार, असं मी धरून चालते. म्हणजे आमच्या गाडीत, माझ्या टेपनं भरलेल्या २८७ घनफुटांपैकी, साधारण २१५. सामान २६९. दादाच्या हिशेबातली अठ्ठाविसाची शिल्लक माझ्या हिशेबात चोपन्नची तूट झाली.

सकाळी ६.००

चहा पिता पिता आलेखाचा कागद परत एकदा पाहिला. दोन इंचांना एक चौकट, या मापानं हौद्याची तळजमीन आखलेली. १०६ इंच लांब, ६५ इंच रुंद. ही मापं फोनवरची नव्हती. शनिवारी संध्याकाळी मी गाडी उभी असते तिथं जाऊन टेप लावून आले होते. गाडीवाले नऊ फूट म्हणतात तेव्हा ते बाहेरून सांगतात की आतून, ते त्यांनाही ठाऊक नसतं. नऊ फुटाचे १०८ इंच होतात, माझ्या टेपला १०६ भरले. आतली उंची ७२ होती, पण मागच्या दाराची चौकट फक्त ६९ इंच. आत मावणारी वस्तू दारातून आत जाईलच असं नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलं.

लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून प्रत्येक वस्तूचा तुकडा केला होता. एकेका वस्तूचे दोन किंवा तीन तुकडे: उभी ठेवली तर जमीन किती खाईल, आडवी ठेवली तर किती, कुशीवर ठेवली तर किती. सगळा खेळ इथंच आहे. गाडी भरताना विकत घ्यायची असते ती जमीन, आणि तिच्यावर दुसरा मजला चढवता येईल की नाही ते पाहायचं असतं.

लोखंडी कपाट घ्या. ७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल. उभं राहणारच नाही, कारण छत ७२ वर. पाठीवर झोपवलं तर हौद्याची निम्म्याहून जास्त रुंदी गेली. कुशीवर आडवं केलं, तर भिंतीलगत १९ इंचांची पट्टी जाते आणि वर ३६ इंच उंचीचा, सपाट, मजबूत ओटा तयार होतो. त्याच्या शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यांची रांग. खोकी मी मुद्दाम एकाच मापाची आणली होती, १८ बाय १४, उंची १२. तीन खोकी एकावर एक ठेवली की ३६ इंच. म्हणजे कपाट आणि खोकी मिळून ३३ इंच रुंदीचा एकच ओटा.

सोफ्यानं दोन रात्री झोप घालवली होती. तीन माणसांचा, ७६ इंच लांब. हमाल सोफा उभा करतात, कारण उभा सोफा जमीन कमी खातो. पण ७६ इंचांचा सोफा ७२ इंचांच्या छताखाली उभा राहत नाही. चार इंचांसाठी सगळं अडलं. खाली आडवा ठेवला तर पंचेचाळीस घनफूट एकटाच खातो आणि त्याच्या मऊ पाठीवर काही रचता येत नाही. मग तो वर गेला, त्या ओट्यावर. सोफ्याचे चार पाय आट्याचे होते, हातानं फिरवून निघाले. उंची ३२ची २८ झाली. जेवणाच्या टेबलाचेही पाय काढले आणि ४८ बाय ३०ची फळी ओटा आणि सोफा यांच्या मधे घातली, म्हणजे खोक्यांवर भार एका जागी न येता पसरतो. ३६, २ आणि २८ मिळून ६६ इंच. छताला सहा इंच कमी.

हे टेबल उघडून ठेवणं सगळ्यांत फायद्याचं ठरलं. जोडलेलं टेबल पंचवीस घनफूट, त्यातली बरीचशी पायांमधली हवा. सुटी फळी जेमतेम दोन. खुर्च्यांचंही तसंच. एका खुर्चीवर दुसरी उलटी, बैठकीला बैठक, की दोन खुर्च्या एकीपेक्षा थोड्याच जास्त जागेत बसतात. पाच बोचक्यांपैकी तीन दिवाणाच्या पोटात आणि कपाटाच्या खणांत गेली. एवढ्यावर सामान २६९ वरून २१८ वर आलं. गाडीच्या शेकडा ७६. माझ्या तीन चतुर्थांशाच्या किंचित वर, म्हणजे घाम निघणार, पण बसणार.

सकाळी ७.१०

पिकअप गल्लीत उलटा आला. चालक, मुकादम आणि तीन हमाल. मुकादम पन्नाशीचे, खांद्यावर जाड पंचा. त्यांनी आधी गाडी पाहिली नाही, आमचा जिना पाहिला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, वळणावर कठडा. मग घरात येऊन नुसते डोळे फिरवले.

"ताई, सोफा आधी खाली काढू. दाराशीच आहे."

इथंच गाड्या बिघडतात. दाराशी आहे म्हणून सोफा आधी खाली गेला की तो आधी गाडीतही जातो, कारण गल्लीत ठेवायला जागा नसते आणि मागून येणारी रिक्षा हॉर्न वाजवते. गाडीत वस्तू लागतात एका क्रमानं, घर देतं दुसऱ्याच क्रमानं. आमचं कपाट सर्वांत आतल्या खोलीत होतं आणि गाडीत सर्वांत आधी तेच हवं होतं. म्हणून रात्रीच सोफा दाराजवळच्या गॅलरीत सरकवून आतल्या खोलीपासून दारापर्यंत वाट मोकळी केली होती.

मी कागद दाखवला. मुकादमांनी तो उलटा धरला, मग सुलटा. "हे काय, गाडीचं नकाशाचं काम?" हसले. पण बोट सरळ पुढच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाले, "पुस्तकं कुठल्या खोक्यात आहेत?"

हा प्रश्न मला अपेक्षित होता. चोवीस खोक्यांपैकी सहा पुस्तकांची, त्यांवर लाल पट्टी. ती तळाच्या रांगेत, केबिनच्या जवळ. पिकअपचं वजन मागच्या टोकाला साचलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. आणि कपाट व पुस्तकं दोन्ही डाव्या अंगाला, म्हणून उजव्या अंगाला फ्रीज, पलंगाच्या फळ्या आणि दिवाण. एकूण वजनाची काळजी नव्हती. सगळं मिळून हजार किलोच्या आतलं, आणि या पिकअपची क्षमता त्याच्या वर. घरसामानात गाडी आधी जागेनं भरते, वजनानं नाही. अपवाद एकच: पुस्तकांचं घर.

सकाळी ८.००

कपाट खाली आलं. जिन्याच्या वळणावर दहा मिनिटं गेली. हौद्यात केबिनच्या भिंतीला टेकवून कुशीवर झोपवलं, दारं आतल्या बाजूला. मी टेप लावली आणि पोटात गोळा आला.

बंद बॉडीच्या पत्र्याला आतून उभ्या लोखंडी पट्ट्या असतात. दर दीड-दोन फुटांवर एक, दोन्ही बाजूंना, प्रत्येकी एक इंच बाहेर आलेली. मी शनिवारी टेप धरली ती दोन पट्ट्यांच्या मधे, पत्र्यापासून पत्र्यापर्यंत. ६५ खरेच होते, पण कपाटाला मिळणार होते ६३. माझा हिशेब होता कपाट १९, खोकी १४, उभी गादी ६, आणि फ्रीज २४. बेरीज ६३. म्हणजे राखून ठेवलेले दोन इंच गेले आणि आता सुई जायला जागा नाही. त्यात कपाटाचं हँडल. बंद दारातून पावणेदोन इंच बाहेर आलेलं, नेमकं खोक्यांच्या बाजूला. कपाट मोजताना मी हँडल मोजलंच नव्हतं. दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये ही चूक मी लाल पेननं दाखवते.

दादा म्हणाला, "फ्रीज मागे ठेवू, दार अर्धवट उघडं राहील, दोरी बांधू." बंद बॉडीचं दार उघडं ठेवून बाहेर लटकणारं सामान नेणं हा २०१९च्या दुरुस्तीनंतर वीस हजारांच्या दंडाचा विषय आहे. आणि दंड बाजूला ठेवला तरी फ्रीज हा लटकवायचा पदार्थ नव्हे.

मुकादम कपाटाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "फिरवा त्याला. तोंड भिंतीकडं."

कपाट बाहेर ओढून, उलट्या कुशीवर घालून परत आत सरकवलं. आता दारं पत्र्याकडे आणि पाठ आत. हँडल? त्यांनी कपाट चार इंच मागे ओढलं, पुन्हा थोडं पुढे, आणि हँडल बरोबर दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत गेलं. खाच एक इंचाची, हँडल पावणेदोन. उरलेल्या पाऊण इंचासाठी त्यांनी पट्ट्या आणि कपाट यांच्या मधे गोणपाटाची घडी सारली. "नाहीतरी पत्रा कपाटाला घासला असता," म्हणाले. माझ्या कागदावर घासण्याला जागाच नव्हती.

तरी पाऊण इंच जास्त झालेच. ते गादीनं घेतले. हे मी आधी ठरवलं होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. फोमची गादी ६० बाय ७८, लांब बाजूवर उभी, एका बाजूला खोकी आणि सोफा, दुसऱ्या बाजूला फ्रीज. सगळ्या गाडीत दबणारी वस्तू ती एकच. फ्रीज आत सरकवताना दोघांनी खांदा लावला, गादी इंचभर आत गेली आणि परत फुगून फ्रीजला चिकटून बसली. पाचर म्हणा, उशी म्हणा. काथ्याची गादी असती तर फ्रीज गल्लीत राहिला असता.

फ्रीजचं एक सांगते, कारण आडवा नेऊ का, असं चालकानं विचारलं. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. फ्रीज आडवा केला की ते नळ्यांत जातं, आणि पोचल्यावर लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो. आमचा उभाच गेला, शनिवारी दुपारपासून बंद, बर्फ वितळवून कोरडा. दारं चिकटपट्टीनं बांधलेली.

सकाळी ९.३०

उजव्या गल्लीत फ्रीजच्या मागे पलंगाच्या सुट्या फळ्या, सगळ्या मिळून आठ इंच जाड, आणि त्यांना लागून दिवाण कुशीवर, सोळा इंच. आठ आणि सोळा चोवीस, फ्रीजच्या रुंदीइतकेच, म्हणून गल्ली मागपर्यंत सरळ राहिली. दिवाणावर खुर्च्यांच्या दोन जोड्या आणि उरलेली दोन बोचकी.

हे काम भरभर झालं. मुकादम प्रत्येक थर बसला की तळहातानं ढकलून बघत. एक वस्तू हलली तर पोकळी आहे. सगळी रांग एकत्र डुलली तर ठीक. कुठं हात जाईल एवढी फट राहिली की तिथं काहीतरी फुटणार, हा त्यांचा नियम. फटीत चादरी, पायपुसणी, आईची लोकरीची शाल. शालीबद्दल आई काही बोलली नाही, पण पाहत राहिली.

सकाळी १०.१५

मागचा अठ्ठावीस इंचांचा पट्टा. इथं वॉशिंग मशीन उभं, पाण्याचा पाइप रिकामा करून, ड्रममध्ये उशी कोंबून. शेजारी स्वयंपाकघराची दहा खोकी, पाच-पाचच्या दोन चळती. दोन खोकी मशीनवर. स्वयंपाकघर शेवटी भरलं, कारण उतरवताना ते आधी हवं.

वरून तिसरं खोकं फुगलं होतं. आईनं त्यात रात्री एक डबा जास्त घातला होता. फुगलेलं खोकं म्हणजे वरचं खोकं तिरकं, आणि पाचवं दाराला टेकतं. मुकादमांनी न विचारता खोकं उघडलं, डबा काढून आईच्या हातात दिला.

"मावशी, हा मांडीवर घ्या."

डब्यात शेवेचे लाडू होते. मांडीवर देवघर आधीच होतं. टीव्हीही आमच्या कारच्या मागच्या सीटवर, उभा, पट्टा लावून. कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या.

सकाळी १०.५०

मागचं दार बंद झालं. पहिल्या ढकलण्यात नाही, दुसऱ्यात. कडी पडली तेव्हा दादा म्हणाला, "आतमध्ये अजून साठ-सत्तर घनफूट हवा आहे." होती. सोफ्याच्या वर सहा इंच, खुर्च्यांच्या पायांमधे, फ्रीजच्या डोक्यावर दहा इंच. तिथं काहीच घालता आलं नसतं, फारतर उश्या. मी गप्प बसले.

सकाळी ११.३०

चांदणी चौक ओलांडून बाह्यवळण रस्त्यावर आलो तसं मुकादमांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. निघाल्यावर दहा-एक किलोमीटरनं एकदा थांबायचंच. खड्ड्यांनी सामान खाली बसतं आणि दोऱ्या सैल पडतात. दार उघडलं. खुर्च्यांची वरची जोडी हातभर मागे आली होती, कारण दिवाणाची कूस लाकडी आणि गुळगुळीत. तिच्याखाली ओलं गोणपाट घातलं. कोरडं सरकतं, ओलं धरतं. दोरी आडवी न बांधता फुलीत बांधली, भिंतीच्या पट्टीपासून पट्टीपर्यंत. ज्या पट्ट्यांनी माझे दोन इंच खाल्ले, त्यांनाच दोरी बांधायला भोकं होती.

दुपारी १.००

देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव. नव्या घराला लिफ्ट आहे, पण कपाट तिच्यात जात नाही. ते आधीच मोजून पाहिलं होतं, हँडलसकट नाही, पण नाहीच जात. पहिला मजला असल्यानं चाललं.

उतरवायला दीड तास लागला, भरायला जवळपास तीन लागले होते. गाडी उलट्या क्रमानं उघडत गेली. स्वयंपाकघर, मशीन, खुर्च्या, दिवाण, फ्रीज, गादी, सोफा. प्रत्येक खोक्यावर खोलीचं नाव होतं, पण वरच्या तोंडावर लिहिलेलं. चळतीत वरचं तोंड दिसत नाही. दहापैकी नऊ खोकी उचलून वाकडी करून वाचावी लागली. पुढच्या वेळी दोन बाजूंना लिहायचं.

फुटलं ते एक. चिनीमातीची बरणी, जी खोक्यात नव्हतीच, बाबांनी शेवटच्या क्षणी बोचक्यात सारली होती.

दुपारी ३.१५

हमालीचे पैसे दिले. मुकादमांनी कागद मागितला. उद्या त्यांच्याकडे अशीच एक गाडी होती, घर मोठं. मी म्हटलं, तो आमच्या सामानाचा आहे, तुम्हाला काय कामाचा. ते म्हणाले, "चौकटी तरी आखलेल्या आहेत ना." मी ६५ खोडून ६३ केले आणि कागद दिला.

सायंकाळी ७.००

फ्रीज चार तास उभा राहिला होता, आता बटण दाबलं. पलंग जोडला, कारण त्याचे बोल्ट पिशवीत घालून डोक्याकडच्या फळीलाच बांधले होते. टेबल मात्र जोडता येईना. त्याचे पाय मी बोचक्यात बांधले होते, बोचकं दिवाणाच्या पोटात होतं, आणि दिवाणावर पुस्तकांची सहाही खोकी चढवून हमाल निघून गेले होते. पिठलं-भात जमिनीवर बसून खाल्ला. लाडूंचा डबा मधे होता.